४ फुटाच्या टीव्ही युनिटमध्ये ५५ इंची बसतो का? इंचावरून खरी रुंदी-उंची सेंमीत कशी काढायची

किरण_जुळेसोलापूर
मंडळी, एक हिशोब सांगा की. हॉलमध्ये मिस्त्रीकडून प्लायचं टीव्ही युनिट करून घेतलंय, मध्ये टीव्हीसाठी चौकट सोडलीय, ४ फूट रुंद आणि अडीच फूट उंच. टीव्ही त्या चौकटीच्या आतच मागच्या प्लायवर ब्रॅकेटने टांगायचाय, स्टँडवर ठेवायचा नाही. घरच्यांना ५५ इंचीच पाहिजे. नवी पेठेत एका दुकानातला पोरगा म्हणाला बिनधास्त घेऊन जावा, बसतंय. दुसऱ्या दुकानात म्हणाले अजिबात बसणार नाही, ४३ घ्या. आता कुणाचं खरं मानायचं? ५५ इंच म्हणजे आडवा किती सेंमी आणि उभा किती हे कुणीच सांगत नाही, खोक्यावर बघितलं तर एकच आकडा, १३९ सेंमी. माझी चौकट १२२ ची, मग तर १७ सेंमीनं जास्तच होतंय ना?

टीव्हीदुरुस्ती_काका
किरण, १३९ म्हणजे रुंदी नव्हे. टीव्ही नेहमी तिरका मोजतात, डावीकडचा खालचा कोपरा ते उजवीकडचा वरचा कोपरा. आम्ही दुकान चालवायचो तेव्हापासून सोपा हिशोब आहे, तिरक्या मापाचे ८० टक्के म्हणजे रुंदी आणि ६० टक्के म्हणजे उंची. ५५ चे ८० टक्के ४४ इंच, म्हणजे १११.८ सेंमी. ६० टक्के ३३ इंच, म्हणजे ८३.८ सेंमी. तुझी चौकट १२२ बाय ७६. रुंदीत आरामात बसतंय पण उंचीत मार खातंय. मिस्त्रीला सांगून वरची फळी ४ इंच वर सरकवून घे, काम झालं.

किरण_जुळेसोलापूर
आयला, म्हणजे उंचीचा प्रॉब्लेम आहे होय. मी उंचीचा विचारच केला नव्हता. मिस्त्रीला फोन लावतो.

फिटिंगवाला
किरणभाऊ, फोन लावू नका, थांबा जरा!! काका, तिरकं मोजतात हे तुमचं बरोबर आहे, पण ८०-६० हा हिशोब डब्बा टीव्हीचा, त्याचा पडदा ४:३ असायचा. आत्ताचा टीव्ही १६:९. तुमच्या आकड्यानं ५५ चा पडदा ११२ बाय ८४ निघतोय, असल्या आकाराचा ५५ इंची आता दुकानात मिळतच नाही. आणि गंमत बघा, उत्तर बरोबर उलटं येतंय, उंचीत बसतो आणि रुंदीत अडकतो.

मी रोज दोन-चार टीव्ही भिंतीवर टांगतो, असं करतो बघा. पडद्याचे आडवे १६ आणि उभे ९ सारखे चौकोन पाडलेत असं समजा. १६ चा वर्ग २५६, ९ चा ८१, बेरीज ३३७, त्याचं वर्गमूळ १८.३६. म्हणजे आडवे १६ चौकोन, उभे ९ चौकोन आणि तिरकं माप १८.३६ चौकोनांएवढं. आता ५५ इंचाचे सेंमी करा, ५५ गुणिले २.५४ म्हणजे १३९.७. त्याला १८.३६ ने भागलं की एक चौकोन आला ७.६१ सेंमीचा. त्याचे १६ पट १२१.८ आणि ९ पट ६८.५. झाला ५५ चा पडदा, १२१.८ सेंमी आडवा आणि ६८.५ उभा.

आता तुमचे ४ फूट म्हणजे १२१.९२ सेंमी. नुसती काचच १२१.८ ची, दोन्ही बाजू मिळून दीड-दोन मिलिमीटर उरतात. आणि ही काच झाली, फ्रेम अजून धरलीच नाही.

टीव्हीदुरुस्ती_काका
तिरकं माप तेच राहिलं तर रुंदी वाढेल कशी? ५५ ते ५५. आकार बदलला म्हणून इंच बदलतात का.

फिटिंगवाला
काका, इंच तेवढेच राहतात पण त्याच इंचात चौकट बसकी होते. पाच फुटी काठी भिंतीला टेकवून उभी करा, खालचं टोक जसं जसं पुढं ओढाल तसं आडवं अंतर वाढत जातं आणि उंची उतरत जाते, काठी पाच फुटाचीच राहते. ४:३ ची काठी जरा उभी होती, १६:९ ची आडवी पडली. ५५ इंचात रुंदी १११.८ वरून १२१.८ झाली, उंची ८३.८ वरून ६८.५ वर आली. एक वाढली, दुसरी त्याहून जास्त घटली, म्हणून तेवढ्याच इंचात १६:९ चा पडदा क्षेत्रफळानं कमीच भरतो.

मिस्त्री_अशोकचौक
काकांचा ८०-६० चा आकडा आमच्या गुण्याचाच आहे की. भिंत काटकोनात आहे का बघायला आम्ही तीन-चार-पाच लावतो, एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट, तिरकं बरोबर ५ भरलं तर गुण्यात. पाचाचे ८० टक्के चार, ६० टक्के तीन. तो जुना टीव्ही म्हणजे गुण्याचाच पडदा होता.

पण किरणदादा, मला एक वेगळाच डाऊट येतोय. ते ४ फूट तुम्ही आतून मोजले का बाहेरून? प्लायची शीट ८ बाय ४ ची येते, त्यामुळं बरेच मिस्त्री मागची पाठ पूर्ण ४ फुटाची ठेवतात, कापावी लागत नाही, आणि मग उभ्या पट्ट्या त्याच्या आतल्या बाजूनं मारतात. १९ एमएमचा प्लाय असंल तर दोन्हीकडचे मिळून ३८ एमएम गेले. वर आतून माइका लावला असंल तर अजून २ एमएम. मग आत ४ फूट राहतच नाहीत. टेप आतून लावा, आणि एका जागी नको, वर, मधे आणि खाली असं तीन ठिकाणी बघा, सगळ्यात कमी जे येईल ते धरा. आणि मापं सेंमीत घ्या, फुटाच्या बाजूनं बघितलं की दोन-तीन सूत कधी खाल्ले जातात कळत नाही.

ओंकार_सातरस्ता
एवढा हिशोब कशाला बे, ४के घे ना सरळ. फुल एचडीपेक्षा ४के मध्ये पडदा मोठा येतो, पिक्सेल चौपट असतात. ४३ चा ४के घेतला तर ५५ सारखाच वाटतोय.

फिटिंगवाला
ओंकार, पिक्सेल चौपट होतात पण तेवढ्याच काचेत बारीक होऊन बसतात. फुल एचडी १९२० बाय १०८०, ४के ३८४० बाय २१६०, दोन्हीकडं भागाकार करून बघ, १६:९ च येतोय. ४३ चा पडदा ४के असो नाहीतर साधा, ९५.२ बाय ५३.५ सेंमीच राहणार.

ओंकार_सातरस्ता
पण दुकानात ४के मोठाच दिसतोय राव. बरं ते जाऊ दे, ब्रँड कुठला घ्यावा?

रेखा_विजापूररोड
मला पण याच्यातलंच एक विचारायचंय. आमच्याकडे २९ इंची जुना डब्बा टीव्ही होता, खूप वर्षं चालला, मुलाने यंदा तो काढून ३२ इंची आणला. सासूबाई रोज म्हणतात की नवीन टीव्ही लहान आहे, जुन्यावर माणसं मोठी दिसायची. मुलगा म्हणतो आजी असं कसं, २९ पेक्षा ३२ मोठा असतो, तुला सवय नाही. जुना टीव्ही अजून माळ्यावर आहे म्हणून मी टेप लावला, काच तिरकी ६८ सेंमी भरली. नवीन टीव्हीच्या खोक्यावर ८० सेंमी आहे. मग मोठाच झाला ना? पण खरं सांगू, मला पण लहानच वाटतो.

टीव्हीदुरुस्ती_काका
वहिनी, ही माझ्या हातातली गोष्ट. २९ इंच हे तेव्हा काचेच्या नळीचं माप असायचं, कडेची काच प्लास्टिकच्या आत जायची, चित्र दिसायचं ६८ सेंमीच. २१ इंचीत ५१ सेंमी दिसायचं. तुमच्या टेपनं बरोबर धरलंय. ६८ चे ८० टक्के ५४.४ आणि ६० टक्के ४०.८, म्हणजे जुना पडदा साडेचोपन्न बाय एकेचाळीस. इथं माझा हिशोब चालतोय की नाही फिटिंगवाले?

फिटिंगवाला
चालतोय काका, डब्बा टीव्हीला तोच चालतो. आता नवीन बघू. ८० ला १८.३६ ने भागा, ४.३६. आडवा ६९.७, उभा ३९.२. म्हणजे काकू, तुमचा नवीन टीव्ही रुंदीला १५ सेंमी जास्त पण उंचीला जुन्यापेक्षा दीड सेंमी कमीच आहे. माणूस उभा असतो, त्यामुळं तो केवढा दिसतोय ते बरंचसं उंचीवर ठरतंय. आजी बरोबर आहेत.

आणि जुन्या मालिका, जुने पिक्चर ४:३ मधे बनलेत, ते खऱ्या आकारात लावले तर नवीन टीव्हीवर चित्र ५२.३ बाय ३९.२ भरतं आणि दोन्ही बाजूला पावणेनऊ सेंमीच्या काळ्या पट्ट्या राहतात. म्हणजे जुना कार्यक्रम जुन्याच टीव्हीवर खरोखर मोठा दिसायचा.

रेखा_विजापूररोड
काळ्या पट्ट्या तर दिसत नाहीत आमच्याकडे, चित्र पूर्ण भरतं. पण सगळ्यांचे चेहरे जाड दिसतात.

फिटिंगवाला
मग पिक्चर साइज फुल किंवा स्ट्रेचवर असणार. ५२ सेंमीचं चित्र ओढून ७० केलंय, उंची तेवढीच, चेहरे जाड होणारच. रिमोटवर सेटिंगमधे पिक्चर साइज किंवा अॅस्पेक्ट रेशो शोधा, तिथं ४:३ करा. सेट टॉप बॉक्समधे पण वेगळं सेटिंग असतंय, टीव्हीत करून फरक पडला नाही तर तिथं बघा. कार्यक्रमात गोल काही असंल, घड्याळ नाहीतर गाडीचं चाक, ते गोल दिसलं की बरोबर, अंड्यासारखं आडवं दिसलं की अजून ओढलंय.

रेखा_विजापूररोड
मुलाला दाखवते हे. पट्ट्या आल्या की परत म्हणतील चित्र लहान झालं, पण बघू. आजी बरोबर आहेत हे वाक्य तेवढं मोठ्यानं वाचून दाखवलं आत्ता, चहा झाला त्यावर.

किरण_जुळेसोलापूर
मोजून आलो. मिस्त्रीचा डाऊट खरा निघाला. बाहेरून ४ फूट आहे. आतून वर ११७.९, मधे ११७.८, खाली ११८.२. उंची आतून ७२.४. आता ५५ चा विषयच संपला का? घरी अजून सांगितलं नाही.

एक मात्र विचारायचंय, खोक्यावर १३९ होतं आणि फिटिंगवाले दादांनी १३९.७ धरलं. दुसऱ्या एका मॉडेलवर १३८ पण बघितलं होतं. हे असं कमी-जास्त का?

फिटिंगवाला
५५ इंच हे गोल केलेलं नाव आहे. पॅनेल साडेचोपन्नच्या आसपास असतं, ते ५५ मधे बसवतात. ५५ चे नेमके सेंमी १३९.७ होतात, खोक्यावर १३८ नाहीतर १३९ असतंय. ४३ चे १०९.२ व्हायला पाहिजेत, लिहिलेलं १०८. ३२ चे ८१.३, लिहिलेलं ८०. ५० चे १२७, लिहिलेलं १२६. म्हणून बारीक हिशोब करायचा असेल तर इंच सोडा, खोक्यावरचे सेंमी धरा. १३८ वाल्याचा पडदा १२०.३ आडवा येतो, १३९ वाल्याचा १२१.१.

ओंकार_सातरस्ता
मग १३८ वाला ४ फुटात बसला असता की! १२०.३ आणि १२१.९.

फिटिंगवाला
काच बसली असती, टीव्ही नाही. काचेभोवती फ्रेम असतेच, बारीक असली तरी दोन्ही बाजूचं धरून एक-दोन सेंमी जातात. ५५ ची बॉडी मी मोजलेली बहुतेक साडेबावीस ते साडेतेवीस, म्हणजे १२२.५ ते १२३.५ सेंमी. तिरकं माप फक्त चित्र उमटतं तेवढ्या भागाचं असतं, बॉडीचं माप त्याच्यातून निघत नाही. वेबसाइटवर स्पेसिफिकेशनमधे खाली डायमेन्शन म्हणून असतंय, तिथं स्टँडसकट आणि स्टँडशिवाय असे दोन आकडे देतात, भिंतीवर लावणाऱ्यानं स्टँडशिवायचा बघायचा. मिलिमीटरमधे असतो, १२३१ बघून घाबरू नका, १२३.१ सेंमी.

किरणभाऊ, ११७.८ मधे ५५ नाही म्हणजे नाहीच. आणि उंचीला पण तुम्हाला वाटतं तेवढी जागा नव्हती. ५५ ची बॉडी ७१ च्या आसपास, चौकट ७२.४, सव्वा-दीड सेंमी उरतात. ब्रॅकेटवर टीव्ही सरळ आत ढकलत नाहीत, मागचे हुक प्लेटच्या वर उचलून मग खाली सोडायचे असतात, त्याला वर दोन-तीन सेंमी मोकळे लागतात. ते नसले की टीव्ही हातात धरून आम्ही दोघं चौकटीसमोर उभे आणि मालक विचारतोय काय झालं. एका घरी सनमायका खरवडला गेला तेव्हापासून मी आधी टेप लावतो, मग खोकं उघडतो.

मिस्त्री_अशोकचौक
उभी पट्टी काढून पाठ वाढवता येतीय, पण माइका जुळणार नाही, पट्टीचा डाग दिसणार. ५० वर या.

किरण_जुळेसोलापूर
५० चं मीच करून बघतो, चुकलं तर सांगा. खोक्यावर १२६. भागिले १८.३६, ६.८६. गुणिले १६, १०९.८. गुणिले ९, ६१.७. दोन सेंमी फ्रेमचे धरले तर बॉडी १११.८. चौकट ११७.८. उरले ६, म्हणजे एकेका बाजूला ३ सेंमी. बरोबर आहे का?

फिटिंगवाला
एकदम बरोबर. उंचीला बॉडी ६४-६५ येईल, वर-खाली मिळून सात-आठ सेंमी राहतात, टांगायला काही अडचण नाही.

जेकार्ड_अक्कलकोटरोड
मधेच घुसतो. मी चादरी-टॉवेलची डिझाइन कॉम्प्युटरवर करतो, एमआयडीसीत. सध्या २७ इंची मॉनिटर आहे. ३४ इंची रुंदवाला घ्यायचाय, २१:९ म्हणतात तो. तुमच्या हिशोबानं मी २१ आणि ९ चे वर्ग घेतले, ४४१ अधिक ८१, वर्गमूळ २२.८५. ३४ इंचाचे ८६.४ सेंमी. उत्तर आलं ७९.४ आडवा, ३४ उभा. मला उभ्यात चादरीची लांबी जास्त दिसायला पाहिजे, आडवं एवढं नको. ७ इंचांनी वाढला म्हणजे उंची पण बरीच वाढत असेल ना?

फिटिंगवाला
उंची वाढतच नाही. २७ च्या १६:९ ला उंची ३३.६ सेंमी आहे, करून बघा. आणि २१:९ हे नुसतं नाव, ३४ इंची बहुतेक ३४४० बाय १४४० चे असतात, दोन्हीला ८० ने भागलं तर ४३:१८ येतं. त्या आकड्यानं केलं तर ७९.७ आडवा आणि ३३.३ उभा, म्हणजे तुमच्या आत्ताच्यापेक्षा केसभर कमीच. तुम्ही फक्त २० सेंमी रुंदी विकत घेताय.

जेकार्ड_अक्कलकोटरोड
बरं झालं विचारलं. मग मला ३२ चा साधा १६:९ बरा की काय?

फिटिंगवाला
३२ ची उंची ३९.८. २७ पेक्षा सहा सेंमी जास्त. बाकी तुम्हाला काम करताना कुठला सोयीचा ते तुम्हीच ठरवा, मी डिझाइनमधला नाही.

नीलिमा_शेळगी
सगळे कॅल्क्युलेटर घेऊन बसलात म्हणून देते. शीटमध्ये A2 मध्ये इंच, B2 मध्ये १६, C2 मध्ये ९ टाका. पहिली ओळ रुंदी, दुसरी उंची, दोन्ही सेंमीत येतात. ४:३ पाहिजे असेल तर B2 आणि C2 बदलायचं.

```
=A2*2.54*B2/SQRT(B2^2+C2^2)
=A2*2.54*C2/SQRT(B2^2+C2^2)
```

खोक्यावरचे सेंमी टाकणार असाल तर *2.54 एवढं, चांदणीसकट, काढून टाका, नाहीतर अडीचपट मोठा टीव्ही येईल.

मिस्त्री_अशोकचौक
आम्ही शीट म्हटलं की प्लायच डोळ्यापुढं येतोय ताई. मी पाठ केलंय, १६:९ असंल तर इंचाला २.२१ ने गुणलं की रुंदी आणि १.२५ ने गुणलं की उंची, सेंमीतच. मोबाइल पण काढायला लागत नाही.

नीलिमा_शेळगी
तेही बरोबर, फक्त १६:९ लाच लावायचं. वरच्या ३४ इंची मॉनिटरला लावलंत तर ७५ बाय ४२.५ येईल आणि टेबलावरचं कपाट उगाच उंच कराल.

टीव्हीदुरुस्ती_काका
किरण, ५० चं ठरलं असेल तर एक बघ. एका बाजूला तीन सेंमीच राहतात म्हणालास. टीव्हीच्या मॅन्युअलमधे चहूबाजूला १० सेंमी मोकळे ठेवा असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, हवा खेळायला. आपल्या सोलापुरात एप्रिल-मे मधे हॉलमधेच काय होतं माहीत आहे ना, त्यात तीन बाजूंनी प्लाय. माझ्याकडे पॅनेलच्या मागच्या लाइट गेलेले टीव्ही यायचे त्यातले कित्येक असेच कपाटात कोंबलेले असायचे.

किरण_जुळेसोलापूर
अरे देवा. रुंदीला १० सेंमीनं गेलं तर मग ४३ च बसतो. १०८ भागिले १८.३६, ५.८८, रुंदी ९४.१, फ्रेम धरून ९६. उरले २१.८, एका बाजूला जवळजवळ ११. दुसऱ्या दुकानवाल्यानं ४३ म्हटलं ते याच्यासाठी असेल का?

फिटिंगवाला
असेल, किंवा त्याच्याकडे ४३ चा स्टॉक असेल 😄 काकांचं नाकारत नाही, पण तो १० सेंमी सगळीकडून बंद कपाटात जास्त महत्त्वाचा. किरणभाऊंची चौकट समोरून पूर्ण उघडी आहे, वर-खाली सात-आठ सेंमी आहेत. टीव्हीची गरम हवा मागून वर जाते, त्यामुळं मी बाजूपेक्षा वरची जागा बघतो. ५० टांगताना जरा खाली धरून वर पाच सेंमी सोडीन आणि ब्रॅकेट पाठीपासून थोडा पुढं ठेवणारा घेईन. तीन सेंमीच्या फटीत लावलेले माझे टीव्ही चालू आहेत.

टीव्हीदुरुस्ती_काका
चालू आहेत, आत्ता. चार उन्हाळे जाऊ दे, मग बोलू. आणि वॉरंटीत कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला मॅन्युअलप्रमाणे जागा सोडली नव्हती, तर किरणनं काय दाखवायचं?

मिस्त्री_अशोकचौक
वरच्या फळीला मागच्या बाजूनं लांब खाच मारून देतो मी, २ इंच रुंद. वरून दिसत नाही, गरम हवा निघून जाती. बऱ्याच जणांना करून दिलंय.

फिटिंगवाला
ही खाच चांगली. आणि एचडीएमआयची भोकं कुठल्या कडेला आहेत ते बघून घ्या. काही मॉडेलला ती मागे पण बाजूला तोंड करून असतात, तीन सेंमीत केबल वाकेल पण हात जाणार नाही. त्यामुळं टीव्ही टांगायच्या आधीच सेट टॉप बॉक्सची वायर आणि एक जादा एचडीएमआय लावून ठेवायची, नंतर पेनड्राइव्ह लावायचा म्हटलं तर अख्खा टीव्ही खाली उतरवावा लागतो.

किरण_जुळेसोलापूर
घरी सांगितलं. ५० ला तोंड वाकडं करून का होईना हो म्हणालेत, ४३ चं नाव काढू देत नाहीत. मिस्त्री, खाच मारायला कधी येताय? आणि फिटिंगवाले दादा, ब्रॅकेटच्या भोकांचं माप कुठं बघायचं?

फिटिंगवाला
स्पेसिफिकेशनमधेच, वेसा म्हणून लिहिलेलं असतंय, २०० बाय २०० वगैरे, मिलिमीटरमधे. टीव्हीच्या मागच्या चार स्क्रूंमधलं आडवं-उभं अंतर आहे ते, पडद्याच्या इंचाशी त्याचा थेट संबंध नाही, म्हणून ५० ला चालतो असं लिहिलेलं ब्रॅकेट नुसतं इंच बघून घेऊ नका. मॉडेल ठरलं की नंबर इथं टाका, आणि पाठीचा प्लाय किती एमएमचा आहे तेही सांगा, ६ एमएमचा असेल तर त्याच्यात स्क्रू धरणार नाही, मागच्या भिंतीत ड्रिल मारून लांब फास्टनर घालावे लागतील.

मिस्त्री_अशोकचौक
पाठ १२ एमएमची दिसतीय फोटोवरनं. रविवारी येतो, सकाळी. दादा, टीव्ही त्याच्या आधी आणू नका, भुसा उडतो.